स्वतःच्या गाळ्याचे भाडे

रस्त्याला लागून गाळा असलेल्या माणसाला कधी ना कधी एक ठरावीक धाटणीची ईमेल येते. चहा-नाश्त्याचा एखादा छोटा ब्रँड असतो, चार-पाच शहरांत त्याच्या शाखा निघालेल्या असतात आणि आता त्याला तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या ठिकाणी जायचे असते. पत्राचा मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच असतो. आपली १५० ते ३०० चौरस फुटांची जागा मोक्याच्या ठिकाणी आहे असे कळले, आमचे फ्रँचायझी भागीदार व्हा, एकूण गुंतवणूक ६ लाख, रोजची अपेक्षित विक्री ६,००० रुपये, निव्वळ नफा ३० टक्के, साधारण ११ महिन्यांत पैसे वसूल. आणि त्याखाली, बहुधा ठळक अक्षरांत, आणखी एक वाक्य: जागा आपल्या मालकीची असल्याने भाड्याचा खर्च शून्य. हे पत्र कुण्या एका ब्रँडचे नाही. अशा पत्रांचा जो साचा असतो त्यावरून ते इथे उभे केले आहे आणि आकडे हिशेब करून दाखवायला सोयीचे घेतले आहेत. मात्र ते शेवटचे वाक्य साच्यातलेच आहे, आणि ज्याच्याकडे गाळा आहे त्याने साऱ्या पत्रात सगळ्यात आधी तपासायचे तेच आहे. भाडे शून्य नसते. ते ब्रँडच्या हिशेबातून निघून गाळामालकाच्या अंगावर आलेले असते, आणि नफ्याचा आकडा गोंडस दिसतो त्याचे मोठे कारण हेच असते.

हा हिशेब हवेत करता येत नाही, त्याला गाव लागते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातले हिवरा आश्रम घेऊ. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे हे गाव ओळखले जाते. आश्रमाच्या शाळा, महाविद्यालय, कृषी महाविद्यालय आणि रुग्णसेवा यांमुळे गावच्या लोकसंख्येच्या मानाने इथे बाहेरच्या माणसांची ये-जा खूप आहे. दर वर्षी पौष वद्य सप्तमीच्या सुमारास, म्हणजे बहुधा जानेवारीत, विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो आणि त्याच्या महाप्रसादाला लाखाच्या वर माणूस जमतो. ब्रँडच्या विक्री विभागात बसलेल्या माणसाला नकाशावर आणि बातम्यांत हे सगळे दिसते. त्यामुळे हिवरा आश्रमच्या गाळामालकाला येणाऱ्या पत्रात ‘शैक्षणिक केंद्र’ आणि ‘लाखो भाविक’ हे शब्द असणारच, आणि दोन्ही खरे असतील. पण खरे असणे वेगळे आणि गल्ल्यात पैसे पडणे वेगळे.

आधी भाविकांचे पाहू. महाप्रसादाच्या दिवशी शेतात ओळीने पंगती बसतात आणि ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. त्या दिवशी गावात जो लाख माणूस आहे तो जेवून निघतो आणि त्या जेवणाचे पैसे द्यावे लागत नाहीत. चहा, पाण्याची बाटली, लहान मुलांसाठी काहीतरी, एवढी विक्री वाढेल यात शंका नाही. पण त्या गर्दीत तात्पुरती दुकाने आणि हातगाड्याही शेकड्याने लागतात, दोन माणसांचा गाळा तासाला ठरावीक कपांपलीकडे चहा देऊच शकत नाही, आणि हे सारे वर्षातून तीनेक दिवस. ते तीन दिवस चौपट विक्रीचे धरले तरी वर्षाच्या ३६५ दिवसांवर पसरवल्यावर रोजच्या सरासरीत भर पडते ती अडीच टक्क्यांच्या आसपास. तेव्हा उत्सवाच्या आकड्यावर गाळ्याचे गणित मांडता येत नाही. ते मांडायचे असते जुलैतल्या एखाद्या साध्या मंगळवारवर.

त्या मंगळवारी ६,००० रुपयांची विक्री म्हणजे नेमके काय, हे पत्रात कधीच सांगितलेले नसते. दहा रुपयांचा चहा धरला तर ते ६०० कप होतात. दूध-पाणी सारखे घेतले आणि ८० मिलिलिटरचा कप धरला, तर एका लिटर दुधाचे पंचवीस कप होतात, म्हणजे रोज २४ लिटर दूध. चहासोबत नाश्ता घेणारे धरून प्रत्येक गिऱ्हाइकाचे सरासरी बिल २५ रुपये मानले तर २४० गिऱ्हाइके लागतात. दुकान चौदा तास उघडे राहिले तरी तासाला सतरा, आणि तेही दुपारच्या तीनच्या उन्हातला तास धरून. हा आकडा अशक्य नाही, पण तो तपासता येतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. गाळ्यापासून हाकेच्या अंतरावर जी चहाची टपरी वर्षानुवर्षे चालते तिच्याकडे रोज किती दूध जाते हे दूध घालणाऱ्याला ठाऊक असते. गावातली चांगली चालणारी टपरी रोज १२ लिटर दूध जाळत असेल, तर नव्या ब्रँडने २४ लिटर खपवण्यासाठी त्या टपरीची सगळी गिऱ्हाइके ओढून वर तेवढीच नवी निर्माण करायला हवीत. मोजायचे ते कॉलेज चालू असतानाचा दिवस, बाजाराचा दिवस आणि सुट्टीचा दिवस असे तिन्ही, आणि समोरून जाणारी माणसे मोजायची नाहीत, थांबून काही घेणारी मोजायची. शाळा सुटल्यावर एकदम चारशे मुले गाळ्यासमोरून जातात, पण त्यांतल्या बहुतेकांना बस पकडायची असते आणि खिशात पाच-दहा रुपये असतात.

समजा अशी मोजणी केल्यावर ६,०००च्या जागी रोजचे ४,००० रुपये हाती लागले. महिन्याची विक्री १ लाख २० हजार. दूध, साखर, नाश्त्याचा कच्चा माल आणि ब्रँडकडूनच घ्यावी लागणारी चहा पावडर व मसाला मिळून ४५ टक्के, म्हणजे ५४,०००. कामाला दोन माणसे, ११ हजारांप्रमाणे २२,०००. व्यावसायिक दराची वीज आणि १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा गॅस मिळून १०,०००. कप, पिशव्या, उरलेला आणि फेकलेला माल, किरकोळ दुरुस्ती यांचे ४,०००. रॉयल्टी ५ टक्के म्हणजे ६,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी १,०८०. ही बेरीज ९७,०८० होते आणि हाती उरतात २२,९२०. पत्रातला नफा मोजला जातो तो इथवर. ब्रँडचा प्रतिनिधी इथेच थांबतो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे चुकतही नाही, कारण पुढचे खर्च त्याचे नाहीतच.

पुढचा पहिला खर्च म्हणजे गाळ्याचे भाडे. तोच गाळा औषधाच्या दुकानाला, झेरॉक्सवाल्याला किंवा कृषी सेवा केंद्राला दिला असता तर महिन्याला ८,००० आले असते असे धरू. ते आता येणार नाहीत. खिशातून जात नाहीत म्हणून ते दिसत नाहीत, पण महिन्याच्या शेवटी ते मालकाकडे नसतात एवढे नक्की. २२,९२० मधून ते वजा केल्यावर १४,९२० राहतात. मग गुंतवणूक. ६ लाखांपैकी २ लाख फ्रँचायझी फी आणि ४ लाख फर्निचर, भट्टी, फ्रीज, फलक यांचे. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ३६ हजारांचा आकडा बहुधा पत्राच्या तळटिपेत असतो, म्हणजे प्रत्यक्षात गेले ६ लाख ३६ हजार. करार पाच वर्षांचा असेल तर फी त्या मुदतीतच संपते, आणि ब्रँडच्या रंगाचे फर्निचर पाच वर्षांनी दुसऱ्या कामाचे राहत नाही. ६० महिन्यांवर वाटले तर महिन्याला १०,६०० झिजतात. उरले ४,३२०. हीच रक्कम बँकेत ७ टक्क्यांनी ठेवली असती तर महिन्याला ३,७१० व्याज आले असते. तेही वजा केले की ६१० रुपये राहतात. सकाळी सहाला कुलूप काढून रात्री हिशेब लावणाऱ्या मालकाच्या महिनाभराच्या कामाचा मोबदला तो. दोन पगारी माणसांवर दुकान सोडून मालक घरी बसू शकत नाही, हे खाण्याच्या धंद्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

याच हिशेबातून ब्रँड गाळामालकांनाच का शोधतो तेही कळते. भाड्याने गाळा घेऊन दुकान टाकणाऱ्या फ्रँचायझीला महिन्याच्या पहिल्या तारखेला ८,००० मोजावे लागतात. वर दाखवलेल्या विक्रीवर तो सहा-आठ महिन्यांत कंटाळून शटर ओढतो आणि ब्रँडच्या नावाचा एक फलक उतरतो. गाळा घरचा असेल तर तोच तोटा कळायला दोन-तीन वर्षे लागतात, कारण रोख रक्कम येत असते आणि घरमालक दारात येत नसतो. तेवढ्या काळात फी मिळालेली असते, रॉयल्टी चालू असते, मालाची विक्री चालू असते आणि शाखांच्या यादीत हिवरा आश्रमचे नाव असते. ब्रँडने हे कपटाने केलेले असेलच असे नाही. छोट्या ब्रँडकडे भांडवल नसते, म्हणून तो दुसऱ्याच्या भांडवलावर वाढतो. फ्रँचायझी पद्धत त्यासाठीच आहे. पण मग ती ईमेल भांडवलाची मागणी म्हणून वाचायला हवी, नोकरीच्या किंवा बक्षिसाच्या पत्रासारखी नाही. मागितले जाते ते ६ लाख ३६ हजार अधिक पाच वर्षांचे भाडे. महिना ८,००० प्रमाणे पाच वर्षांचे भाडे ४ लाख ८० हजार होते, म्हणजे खरी गुंतवणूक ११ लाखांच्या पुढे जाते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि बऱ्याच ठिकाणी खराही आहे: गाळा दोन वर्षे बंदच पडून आहे, भाडेकरू मिळत नाही, मग ८,००० आणायचे कुठून? भाडे खरोखर मिळत नसेल तर ते हिशेबात शून्यच धरले पाहिजे; काल्पनिक भाडे मांडणे ही उलटी फसवणूक होईल. पण भाडेकरू का मिळत नाही याचे उत्तरही त्याच वेळी द्यावे लागते. जिथे औषधाचे दुकान, शिंपी आणि मोबाइल दुरुस्तीवाला येऊन जागा पाहून परत गेले, तिथे रोज २४० माणसे चहाला थांबतील असे मानायला वेगळे कारण हवे. कधी ते कारण असते: गाळा औषधाच्या दुकानाला आडबाजूचा असला तरी बसथांब्याच्या समोर असतो. कधी भाड्याची अपेक्षाच अवाजवी असते आणि दोन हजार कमी केले की गाळा जातो. आणि करार पाच वर्षांचा असल्याने प्रश्न फक्त आजच्या भाड्याचा नाही. समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेला आहे, त्याच्या नागपूर ते शिर्डी टप्प्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झाले. रस्ते बदलले की भाडी वरही जातात आणि वाहतूक गावाबाहेरूनही जाऊ लागते. तिसऱ्या वर्षी बँकेने एटीएमसाठी गाळा मागितला तर करारात अडकलेल्या मालकाला तो देता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ब्रँड नाव देतो, पाककृती देतो, माणसांना शिकवतो, फलक आणि मांडणी देतो. ज्याने कधी चहाही विकलेला नाही त्याला हे सारे एकट्याने जमले नसते. हे मान्य करून मोजायचे एवढेच की त्या नावामुळे या गावात विक्री किती वाढते. मुंबईत धीरज गुप्ता यांनी २००१ मध्ये मालाड स्टेशनबाहेर सुरू केलेला जम्बोकिंग वडापाव फ्रँचायझीने पसरला तो मुख्यतः रेल्वे स्टेशनांच्या आजूबाजूला. तिथे रोज त्याच वेळी तीच हजारो माणसे जातात, त्यांना दोन मिनिटांत हातात मिळणारे खाणे हवे असते आणि गोरेगावला पाहिलेले नाव कांदिवलीला ओळखीचे असते. नावाची किंमत अशा जागी येते. अमृततुल्य चहाच्या शाखा पुण्याहून महाराष्ट्रभर निघाल्या त्या लाटेत मात्र असे दिसले की ‘अमृततुल्य’ हा शब्द कुणा एकाच्या मालकीचा नाही. पुण्यातल्या चहाच्या दुकानांवर तो पिढ्यान्‌पिढ्या होता, त्यामुळे एका नावाने शाखा दिल्यावर शेजारी दुसऱ्या नावाने तसाच पितळी भांड्यांचा चहा सुरू होण्याला कोणी हरकत घेऊ शकत नव्हते. हिवरा आश्रमच्या विद्यार्थ्याने ब्रँडचे नाव आधी ऐकलेले नसेल तर तो चव, भाव आणि बसायला बाक पाहून येईल. चव ब्रँडच्या मसाल्याची असू शकते, पण बाक मालकाचाच असतो. तेव्हा बिननावाच्या चांगल्या चहाच्या दुकानापेक्षा नावाच्या दुकानाची जादा विक्री काढून, तिच्यावरचा नफा रॉयल्टी आणि महागड्या सक्तीच्या मालाच्या पुढे जातो का ते पाहायचे. ‘रॉयल्टी शून्य’ लिहिणाऱ्या पत्रात हा भाग जास्तच काळजीने पाहावा लागतो, कारण मग ब्रँडची कमाई बहुतेक वेळा पावडरच्या पाकिटात असते. किलोचा भाव, कितव्या महिन्यात तो किती वाढवता येईल आणि बाहेरून तसाच माल घेण्याची मुभा आहे की नाही, हे रॉयल्टीच्या टक्क्याइतकेच महत्त्वाचे आहे.

सुट्टीचे महिनेही पत्रात नसतात. विद्यार्थ्यांवर चालणाऱ्या गावात दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळा मिळून अडीच-तीन महिने विक्री निम्म्यावर येणे स्वाभाविक आहे. ६० हजारांच्या महिन्यात माल २७,००० वर येतो आणि जीएसटीसह रॉयल्टी ३,५४० वर, पण माणसांचे २२,००० तसेच राहतात, वीज-गॅस ८,००० च्या खाली जात नाही आणि किरकोळ खर्च अडीच हजार तरी होतोच. भाडे न धरताच महिना ३,०४० रुपयांनी तुटतो. उन्हाळ्यात शीतपेये ठेवून हा खड्डा बुजवायचा म्हटले तर करारात ‘ब्रँडच्या मेन्यूबाहेरचे पदार्थ विकण्यास मनाई’ हे कलम आडवे येते. उलट ६,००० ची विक्री खरोखर झालीच तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाते आणि खाद्यसेवेला जीएसटी नोंदणी करावी लागते. ५ टक्क्यांच्या दराने उपाहारगृहाला खरेदीवरच्या जीएसटीची वजावट मिळत नाही, त्यामुळे फर्निचरवरचा, फीवरचा आणि रॉयल्टीवरचा कर खर्चच राहतो. चहाचा भाव दहाचा साडेदहा करता येत नाही, म्हणून विक्रीवरचे ५ टक्केही मालकाच्याच पदरून जातात. पत्रातले ३० टक्के पत्रातल्याच विक्रीवर टिकत नाहीत ते या कारणाने.

अमेरिकेत अशा पत्राला कायद्याची चौकट आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या फ्रँचायझी नियमाप्रमाणे, करारावर सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी इच्छुकाला २३ बाबींचा माहितीदस्त द्यावा लागतो. त्यात मागच्या तीन वर्षांत किती शाखा उघडल्या, किती बंद पडल्या, कोण सोडून गेले आणि त्यांच्याशी संपर्क कसा करता येईल हे असते. कमाईचा दावा करायचा असेल तर त्याचा आधार त्याच दस्तात द्यावा लागतो. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. इथे १८७२ चा करार कायदा, १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आणि २००६ चा अन्नसुरक्षा कायदा यांवरच काम चालते, आणि माहिती देण्याची सक्ती नसल्याने मागण्याची जबाबदारी गाळामालकावर येते. तो ती मागू शकतो. बंद पडलेल्या शाखांची नावे आणि बंद करणाऱ्यांचे फोन, हिवरा आश्रमएवढ्याच गावातल्या दोन शाखांची बारा महिन्यांची विक्री, आणि त्यांतला गाळा घरचा की भाड्याचा. नव्या ब्रँडकडे बारा महिन्यांचा अनुभव नसेल हा आक्षेप योग्य आहे. तसे असेल तर त्याने तसे लिहावे, आणि मग ११ महिन्यांत वसुलीचा आकडा त्या पत्रात राहत नाही.

काही गोष्टी तर विचाराव्याही लागत नाहीत. ट्रेडमार्क नोंदणी झाली आहे की अर्जावर हरकत आली आहे ते ipindia.gov.in वर नाव टाकून घरबसल्या पाहता येते. खाद्यसेवेसाठी वर्ग ४३ आणि चहा-मसाल्यासाठी वर्ग ३० पाहायचा. फलकावर टीएम ही अक्षरे कोणीही लावू शकतो. नोंदणीशिवाय वर्तुळातले आर हे चिन्ह लावणे मात्र ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली गुन्हा आहे. ज्या नावाची फी घेतली जात आहे ते नाव ब्रँडचेच नसेल तर दोन लाख कशाचे? ब्रँडच्या मसाल्याच्या पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक असतो, पण गाळ्याची नोंदणी किंवा परवाना स्वतंत्र, मालकाच्या नावाचा, आणि तिथे विकलेल्या पदार्थाचा पहिला जाबही त्यालाच. शिवाय निखळ फसवणुकीच्या ईमेल वेगळ्या ओळखाव्या लागतात. अमूलने आपल्या नावाने डीलरशिप देणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल पुन्हा पुन्हा जाहीर इशारे दिले आहेत. अशा पत्रांत जागा न पाहताच मंजुरी येते, ‘परत मिळणारी’ अनामत दोन दिवसांत मागितली जाते आणि खाते एखाद्या व्यक्तीच्या नावाचे निघते. खरा ब्रँड आधी माणूस पाठवून गाळ्याची रुंदी, पाण्याची जोडणी, विजेचा भार आणि धूर कुठून काढायचा ते पाहतो.

खऱ्या ब्रँडच्या करारातही गाळामालकासाठी एक कलम भाडेकरूपेक्षा जड असते. करार संपल्यावर दोन-तीन वर्षे ‘सदर जागेत’ खाद्यपदार्थांचा कोणताही व्यवसाय करता येणार नाही, असे त्यात लिहिलेले असते. भाडेकरू गाळा सोडून पलीकडच्या चौकात जातो. मालक आपला गाळा उचलून कुठे नेणार? करार कायद्याचे कलम २७ धंद्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल ठरवते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फ्रँचायझीचा करार चालू असताना दुसऱ्याचा तसाच माल न विकण्याची अट वैध आहे. मुदत संपल्यानंतरच्या बंदीला मात्र कलम २७ सहसा टिकू देत नाही. कायदा मालकाच्या बाजूने असला तरी वाद ब्रँडच्या शहरातल्या, समजा पुण्याच्या, लवादापुढेच न्यायचा असेही करारात असते, आणि मेहकरहून पुण्याला तारखांना जाण्याचा खर्च दोन तारखांत महिन्याच्या रॉयल्टीएवढा होतो. म्हणून हे कलम न्यायालयात हाणून पाडण्यापेक्षा सहीआधी खोडून घेणे स्वस्त पडते. त्याच वेळी गाळा विकताना किंवा भाड्याने देताना ब्रँडची परवानगी लागेल असे काही आहे का, हेही पाहायचे, कारण फी चहाच्या नावासाठी दिलेली आहे, गाळ्याच्या सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर हक्क देण्यासाठी नाही.

अशा ईमेलला होय किंवा नाही एवढेच उत्तर असते असे नाही. गाळामालकाने उलट प्रस्ताव लिहावा: जागा माझी, दुकान तुमचे. महिन्याला किमान ६,००० रुपये भाडे किंवा विक्रीच्या ८ टक्के, जे जास्त असेल ते. दुकानाची मांडणी ब्रँडच्या खर्चाने. विक्रीचे यंत्र दोघांना दिसेल असे. पत्रातली ६,००० ची रोजची विक्री खरी ठरली तर महिन्याच्या १ लाख ८० हजारांवर ८ टक्क्यांनी मालकाला १४,४०० मिळतात, म्हणजे नेहमीच्या ८,००० भाड्यापेक्षा पुष्कळ जास्त. विक्री ४,००० च राहिली तर ९,६००. उन्हाळ्यात निम्म्यावर आली तर हिशेबाने ४,८०० येतील, पण किमान ६,००० ठरलेले आहेत. यात मालकाचे ६ लाख बँकेत राहतात. ब्रँड याला नकार देईल, आणि तो नकार कसा येतो ते नीट वाचावे. ‘आमच्याकडे स्वतःची दुकाने चालवायला माणसे आणि भांडवल नाही’ असे उत्तर आले तर ते प्रामाणिक असू शकते, आणि मग फी निम्मी, पहिल्या वर्षी रॉयल्टी नाही, अठराव्या महिन्याला दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा अशा वाटाघाटी पुढे करता येतात. ‘एवढ्या लहान गावात आम्ही जोखीम घेत नाही’ असे उत्तर आले, तर पत्रातल्या ६,००० रुपयांवर पत्र लिहिणाऱ्याचा स्वतःचाच विश्वास नाही हे त्याने लेखी दिले आहे. ब्रँडने गाळा भाड्याने घेतलाच, तर करार साध्या कागदावर न ठेवता नोंदवून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे त्याच्या कलम ५५ ने ती जबाबदारी जागामालकावर टाकली आहे, आणि नोंदणी नसेल तर वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत.